कॉफीचे क्यूब म्हणजे बर्फ, कॉफी नव्हे

दर उन्हाळ्यात एक सल्ला नव्याने फिरायला लागतो. उरलेली कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठवा आणि मग कधीही, कशातही वापरा! सोबत एक सुंदर फोटो असतो: काचेचा ग्लास, त्यात तपकिरी क्यूब, वरून दुधाची धार. लोक भक्तिभावाने करून बघतात, दोनदा भिकार कॉफी पितात आणि तिसऱ्यांदा उरलेला जग थेट सिंकमध्ये ओततात. माझं भांडण गोठवण्याशी नाहीये. ते त्या 'कधीही' आणि 'कशातही'शी आहे.

आधी हद्द ठरवून घेऊ. मी बोलतोय ते ड्रिप मशीनमधल्या किंवा फ्रेंच प्रेसमधल्या काळ्या कॉफीबद्दल. दूध घातलेल्या उरलेल्या कॉफीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ती प्या किंवा टाका. दोघांच्या घरात सकाळी ६०० मिलीचा जग होतो, त्याला साधारण ३६ ग्रॅम पावडर लागते (लिटरला ६० ग्रॅम हा रूढ हिशोब). एकाचा कॉल लवकर सुरू होतो, दुसऱ्याची कॅब आलेली असते, आणि ३०० मिली तसंच राहतं. म्हणजे १८ ग्रॅम पावडर. किलोला हजार रुपयेवाली आणत असाल तर अठरा रुपये.

"अठरा रुपयांसाठी एवढं कशाला?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे, अठरा रुपयांत हल्ली धड वडापावही येत नाही. पण २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या दुष्काळाने पीक मारलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडली. दुसरं म्हणजे, १२५ मिलीच्या एका कपामागे शेतापासून हिशोब धरला तर सुमारे १४० लिटर पाणी लागतं. आता हे बहुतेक मळ्यावर पडणारं पावसाचं पाणी आहे, तेव्हा त्याची तुलना आपल्या सोसायटीच्या टँकरशी करू नका, तेवढा प्रामाणिकपणा ठेवूया. तरी चिकमगळूर-कोडगूच्या उतारावर कुणीतरी हाताने तोडलेली फळं रोज अर्धी सिंकमध्ये जातात, हे मला रुपयांत मोजण्यापलीकडचं वाटतं. ज्यांना वाटत नाही त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल :-)

असो. तर पहिला गुन्हेगार ट्रे नाहीच. पहिला गुन्हेगार आहे मशीनच्या बुडाशी असलेली ती गरम तबकडी. मशीन बनवणाऱ्यांनी ती 'सोय' म्हणून दिलीये. प्रत्यक्षात जग तिच्यावर तासभर राहिला की दोन गोष्टी होतात. सुगंधाचे हलके घटक उडून जातात. घरभर जो छान वास सुटतो ना, तो कपात राहिला असता तर बरं झालं असतं. आणि कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं उष्णतेने फुटत राहतात, त्यातून क्विनिक आणि कॅफेइक आम्ल तयार होतं. तोंड आक्रसणारी ती आंबट-कडू, करपट चव इथून येते. कॅफीनला काहीही होत नाही, ते जागच्या जागी असतं. म्हणून तर ऑफिसच्या पँट्रीतली चार तास शिजलेली कॉफी झोप उडवते, पण आनंद देत नाही.

मुद्दा असा की गोठवल्याने चव थांबते, सुधारत नाही. सकाळी साडेसातची कॉफी दुपारी बारा वाजता गोठवलीत तर तुम्ही बारा वाजताची कॉफी जपून ठेवताय. क्यूबला नावं ठेवणारे बहुतेक लोक खरं तर त्या तबकडीला नावं ठेवत असतात, त्यांना माहीत नसतं इतकंच. त्यामुळे उरलेल्या कॉफीचं काय करायचं हा प्रश्न संध्याकाळचा नाहीच, तो पहिला मग भरून झाल्या झाल्या सोडवायचा आहे. आज दुसरा मग होणार नाही असं दिसलं की जग तबकडीवरून उचला. फ्रेंच प्रेस असेल तर कॉफी गाळून दुसऱ्या भांड्यात काढा, कारण खाली चोथा आहे तोवर कॉफी उतरतच राहते आणि कडू होते.

पुढचं काम पाच मिनिटांचं. कॉफी स्टीलच्या पातेल्यात ओता, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा. दूध निववतो तसंच. दहा-पंधरा मिनिटांत कोमट होते, मग ट्रेमध्ये भरा. गरम ट्रे थेट फ्रीझरमध्ये ढकलू नका, शेजारची मटारची पिशवी अर्धवट वितळून पुन्हा गोठते आणि मटारचा दगड होतो. नेहमीच्या ट्रेचा एक खण साधारण २० मिलीचा, म्हणजे ३०० मिलीचे पंधरा क्यूब. विजेची काळजी करणाऱ्यांसाठी: एवढं गोठवायला पाव युनिटसुद्धा लागत नाही, ०.०५ युनिटच्या आत काम होतं.

आणि आता ती पायरी जी फोटोवाले कधीच सांगत नाहीत. सहा-सात तासांनी क्यूब घट्ट झाले की ट्रेमधून काढून झिपवाल्या पिशवीत टाका, हवा दाबून काढा, बंद करा. हल्लीच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंखा कोरडी हवा फिरवत असतो. उघड्या ट्रेतला बर्फ हळूहळू उडून जातो आणि आजूबाजूचा वास धरतो. ज्या घरात फ्रीझरमध्ये बोंबील आणि आलं-लसणाची पेस्ट आहे, तिथे उघडा ट्रे आठवडाभर ठेवून बघाच! ओळखायची खूण सोपी आहे. क्यूबचे कोपरे झिजलेत, वर पांढुरकी भुकटी आलीये, की तो गेला. खात्री नसेल तर एक क्यूब वाटीत वितळवून आधी हुंगा. पिशवीबंद क्यूब मी दोन-तीन आठवड्यांत संपवतो.

आता वापर, आणि इथे सगळ्यांत जास्त थापा मारल्या जातात.

थाप पहिली: थंड दुधात क्यूब टाका, छान कोल्ड कॉफी होते. नाही होत. फ्रीजमधलं दूध चार-पाच अंशांवर, क्यूब उणे अठरावर. क्यूब वितळवण्याइतकी उष्णता त्या दुधात मुळात नाहीच, उलट क्यूबभोवती दुधाचा पातळ थर गोठतो. म्हणजे तुम्ही पंधरा मिनिटं नुसतं दूध पिता. मग खोलीच्या उष्णतेने क्यूब सुटायला लागतो, तोही सरळ नाही. गोठताना आधी पाणी गोठतं आणि कॉफीचा अर्क मध्यभागी लोटला जातो (क्यूब उजेडात धरा, कडा फिकट आणि मध्य गडद दिसेल). वितळताना तो अर्क आधी सुटतो. म्हणून नुसतं दूध, मग एकदम कडक घोट, आणि शेवटी तळाशी फिकट पाणी. दुधासोबतच हवी असेल तर पाच क्यूब पाच मिनिटं बाहेर ठेवा, १५० मिली दूध आणि साखर घालून मिक्सरमध्ये झटके देत फिरवा. ही मात्र फर्मास होते.

थाप दुसरी: उकळत्या दुधात टाका, झटपट गरम कॉफी. मग मधलं १५० मिली दूध ८५ अंशांवर आहे असं धरा, त्यात चार क्यूब, म्हणजे ८० ग्रॅम. बर्फ वितळायला प्रचंड उष्णता खातो. हिशोब केला तर शेवटी हातात येतं सुमारे २२ अंशांचं काहीतरी. पुण्याच्या डिसेंबरातलं नळाचं पाणी समजा. पुन्हा गॅसवर ठेवायची असेल तर मग ताजीच का करू नये?

खरा उपयोग एकच, आणि तो क्यूबला बर्फ मानल्यावरच दिसतो. बर्फावर ओतलेल्या कॉफीची अडचण काय? बर्फ वितळून ती पाणचट होते. म्हणून कॅफेवाले दुप्पट कडक उतरवतात. तुमच्याकडे पाण्याच्या बर्फाऐवजी कॉफीचा बर्फ आहे, तेव्हा ती अडचणच संपली. ९ ग्रॅम पावडरची १५० मिली ताजी कॉफी करा. स्टीलच्या मोठ्या पेल्यात तेवढ्याच वजनाचे, म्हणजे साडेसात-आठ क्यूब घ्या आणि गरम कॉफी थेट क्यूबवर ओता, पातळ काचेवर नको. ८५ अंशांची कॉफी आणि उणे अठराचे क्यूब समान वजनाने घेतले की दोन्हीकडचा हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळतो: क्यूब जवळपास सगळे वितळतात, आणि ३०० मिली बर्फगार कॉफी मिळते, रोजच्याच कडकपणाची. वर तरंगणारा बर्फ हवा असेल तर दोन क्यूब जास्त. ताज्या कॉफीचा वास वरून येतो, कालची कॉफी फक्त गारवा आणि अंग पुरवते. कालच्या कॉफीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी!

पाण्याच्या बर्फावर याच कडकपणाचा ग्लास करायला १८ ग्रॅम लागले असते, इथे ९ लागले. पंधरा क्यूबचे दोन ग्लास, म्हणजे वाचले १८ ग्रॅम. सकाळी जेवढे सिंकमध्ये जाणार होते नेमके तेवढेच.

"मुळात अर्धीच करा ना!" असं सांगणारे शहाणे असतात, त्यांनी मोठ्या ड्रिप मशीनमध्ये ३०० मिली करून बघावी. कागदाच्या फिल्टरमध्ये पावडरचा थर इतका पातळ बसतो की पाणी भर्रकन निघून जातं आणि कॉफी पांचट उतरते. करायचीच तर पावडर थोडी बारीक दळा आणि १८ च्या जागी २०-२१ ग्रॅम घाला. रोजचीच कॉफी उरत असेल तर हा उपाय क्यूबपेक्षा बरा, हे मी मान्य करतो. कधीमधी उरत असेल तर क्यूब.

आणि ट्रे रिकामा नसेल तर? निवलेली कॉफी झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये, दोन दिवसांत थंडच प्यायची. फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन उरलं तर मात्र ते जरूर गोठवा. ते मुळातच कडक, त्यामुळे दोन क्यूब छोट्या पातेल्यात मंद आचेवर विरघळवले आणि वर उकळतं दूध ओतलं की झालं. कुंडीत ओतणाऱ्यांनी मात्र 'वाया घालवली नाही' असं म्हणू नये. ते सिंकच आहे, फक्त मातीचं.