शिल्लक की सुट्या नोटा?

‘तुमची शिल्लक किती?’ हा प्रश्न बँकेच्या काउंटरवर अगदी योग्य आहे. खिशाला तो लागू पडत नाही. खिशात शिल्लक नसते, नोटा असतात. बेरीज आपण मनाशी करतो. ब्लॉकचेनवरच्या पैशाविषयी बोलताना हा फरक हमखास पुसला जातो आणि तो पुसल्याने कधी कधी फार मोठी रक्कम हातची जाते.

आमची बँकेतली पिढी लेजरवर वाढली. प्रत्येक खातेदाराचे एक पान. व्हाउचर आले की जुनी शिल्लक, नावे किंवा जमा, नवी शिल्लक. २०१५ साली सुरू झालेले इथेरियम याच वळणाचे आहे. तिथे प्रत्येक पत्त्यासमोर शिल्लक लिहिलेली असते आणि सोबत एक अनुक्रमांक असतो. चेकबुकातल्या नंबरासारखाच, पण अधिक कडक. सातव्या व्यवहाराशिवाय आठवा वटत नाही. त्यामुळे तोच आदेश कुणी दुसऱ्यांदा पुढे केला तरी तो परत जातो. मात्र सातवा व्यवहार कमी शुल्कामुळे अडकला, तर आठवा आणि नववाही त्याच्या मागे ताटकळतात.

२००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये असे पानच नाही. तिथे फक्त न खर्चलेल्या रकमांची यादी असते. सोयीसाठी आपण त्यांना नोटा म्हणू. या नोटा मात्र कोणत्याही रकमेच्या असू शकतात. समजा, अंधेरीच्या एका दुकानदाराजवळ दोन नोटा आहेत : एक ०.५ बिटकॉइनची, दुसरी ०.३ ची. मुलुंडच्या व्यापाऱ्याला त्याला ०.६ द्यायचे आहेत. एकट्या नोटेने भागत नाही, म्हणून दोन्ही द्याव्या लागतात आणि दोन्ही कायमच्या रद्द होतात. त्यांच्या जागी दोन नव्या जन्मतात : ०.६ ची व्यापाऱ्याच्या नावे आणि ०.१९९९ ची दुकानदाराच्या स्वतःच्या नावे, म्हणजे परत आलेले सुटे. एकदा रद्द झालेली नोट यादीत सापडत नाही, म्हणून ती दुसऱ्यांदा खपत नाही.

आता बेरीज करा. आत गेले ०.८, बाहेर आले ०.७९९९. उरलेले ०.०००१ हे शुल्क. ते व्यवहार वहीत चढवणाऱ्या ‘मायनर’ला मिळते. हे शुल्क व्यवहारात कुठेही लिहिलेले नसते, ते वजाबाकीतून उरते. सुट्यांची ओळ लिहायची राहिली, तर मायनरला ०.०००१ नव्हे, पूर्ण ०.२ मिळतील आणि यंत्रणा त्याला चूक म्हणणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे सुमारे दोन हजार डॉलरच्या व्यवहारावर जवळजवळ २० बिटकॉइन, म्हणजे पाच लाख डॉलर, शुल्कापोटी गेले. मायनरने ते परत केले. पण तो त्याचा चांगुलपणा, नियम नव्हे. म्हणून सही करण्याआधी आतली आणि बाहेरची बेरीज ताडून पाहावी.

नोटा एकत्र देण्याची दुसरीही किंमत आहे. ०.५ आणि ०.३ या नोटा एकाच व्यवहारात आल्या की बहुधा त्या एकाच मालकाच्या, हे जगाला कळते. बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ निबंधातच हा इशारा आहे. शिवाय किरकोळ रकमेच्या शंभर नोटा जमल्या की व्यवहार लांबतो, आणि शुल्क लांबीवर ठरते. सुटे पैसे मोजून घेणाऱ्या कॅशियरला याचे नवल वाटणार नाही.

मग खातेवहीच बरी का? कर्ज, तारण, सामायिक निधी अशा करारांसाठी होय. कारण तिथे अनेकांना एकाच बदलत्या आकड्याशी काम असते. रोजच्या देवघेवीचे तसे नाही. घाटकोपरच्या भाजीवाल्याला नोट खरी आहे एवढेच कळले की पुरे; गिऱ्हाइकाच्या पासबुकात त्याला डोकवायचे नसते.

रिझर्व्ह बँकेपुढेही हीच निवड होती. ऑक्टोबर २०२२ च्या टिपणात तिने सर्वसामान्यांच्या डिजिटल रुपयासाठी टोकनकडे, तर बँकांच्या आपसांतील व्यवहारांसाठी खात्याकडे कल दाखवला. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत किरकोळ डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू झाला, तो कागदी चलनाच्याच मूल्यांच्या टोकनांत. इथे मायनर नाहीत आणि वही रिझर्व्ह बँकेच्याच ताब्यात आहे. तरी मालकी नोटेने मोजायची की शिल्लकेने, हा प्रश्न तोच.

माझ्या मते ही निवड योग्य आहे. मात्र सोयीच्या नावाखाली ॲपने सगळ्या नोटा एका आकड्यामागे दडवू नयेत. कोणत्या नोटा जाणार, सुटे किती परतणार, शुल्क असल्यास किती, हे सहीपूर्वी पडद्यावर दिसले पाहिजे. बिटकॉइनच्या पाकिटाकडून तर ही मागणी आग्रहाने करावी, कारण तिथे चूक दुरुस्त करणारा मॅनेजर बसलेला नसतो.