बदलीच्या मुलांचा क्रमांक

वडिलांची बदली होते आणि मुलगी तिमाही परीक्षा उलटून गेल्यावर नव्या शाळेत दाखल होते. वर्षअखेर तिचा क्रमांक कसा लावावा? न दिलेल्या परीक्षेचे शून्य धरणे हा तर उघड अन्याय. म्हणून दिलेल्या परीक्षांचीच सरासरी काढतात. परंतु तीही दर वेळी न्याय्य ठरतेच असे नाही.

समजा, वर्गातील एका जुन्या विद्यार्थिनीस तिमाहीत ८४, सहामाहीत ७० व वार्षिक परीक्षेत ७१ गुण मिळाले, सरासरी ७५. नवागत मुलीस शेवटच्या दोन परीक्षांत ७३ व ७४, सरासरी ७३.५. दोन्ही परीक्षांत सरस असूनही ती क्रमांकात मागे पडते! कारण तिमाहीची प्रश्नपत्रिका सोपी होती. वर्गाची सरासरी तेव्हा ७२ होती. पुढे ती ६० व ६१ झाली.

यास्तव प्रत्येक परीक्षेतील गुणांतून वर्गाची त्या परीक्षेतील सरासरी वजा करावी. जुन्या विद्यार्थिनीची आघाडी १२, १० व १०, म्हणजे सरासरीने सुमारे १०.७, नवागत मुलीची दोन्ही वेळा १३. वरचा क्रमांक तिचाच.

मात्र आधीच्या शाळेचे गुण यात मिसळू नयेत. तेथील प्रश्नपत्रिका निराळी, परीक्षक निराळे. आणि मुलीने एकच परीक्षा दिली असेल, तर एका दिवसाच्या बऱ्यावाईटावर क्रमांक ठरेल. अशा वेळी गुण द्यावेत, क्रमांक देऊ नये. पालकांनीही प्रगतिपुस्तक हाती येताच क्रमांकाआधी वर्गाची सरासरी विचारावी.