मर्यादा रुपयांत, गरज ग्रॅममध्ये

सोने कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या सर्वच उत्पादकांना खेळत्या भांडवलासाठी कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना दिली आणि सुवर्णधातू कर्जाच्या परतफेडीची मुदत १८० दिवसांवरून २७० दिवसांपर्यंत नेण्याचा मसुदाही पुढे ठेवला, याबद्दल सराफी व्यवसायात समाधान व्यक्त होत असले, तरी तालुक्याच्या गावातील ज्या सराफाचा श्वास आज कोंडला आहे त्याच्या पदरात या निर्णयांतून काहीच पडलेले नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्याची अडचण मुदतीची नसून मर्यादेची आहे. आणि ती मर्यादा बँकेच्या दप्तरात रुपयांत लिहिलेली आहे, तर त्याची गरज ग्रॅममध्ये मोजली जाते.

एक उदाहरण घेऊ. ठुशीपासून पाटल्यांपर्यंतचे नमुने गिऱ्हाइकापुढे मांडण्यासाठी एखाद्या पेढीला चार किलो सोने लागते असे धरले, आणि त्यांपैकी एक किलो मालकाचे स्वतःचे व तीन किलो बँकेकडून धातू कर्जाने घेतलेले असले, तर २०२४ च्या आरंभी, ग्रॅमचा भाव साधारण साडेसहा हजार असताना, त्या तीन किलोंची किंमत १ कोटी ९५ लाख रुपये होत होती व दोन कोटींच्या मंजूर मर्यादेत ती सुखाने सामावत होती. २०२५ च्या अखेरीस ग्रॅम तेरा हजारांच्या घरात गेला. त्या भावाने त्याच तीन किलोंचे मोल ३ कोटी ९० लाख झाले. मर्यादा मात्र दोन कोटींवरच थांबलेली असल्यामुळे त्या रकमेत जेमतेम दीड किलो सोने बसते, आणि उरलेले दीड किलो परत करा किंवा रोख दुरावा आणून भरा, असे पत्र पेढीवर येते. व्यवहारात कसूर नाही, हप्ता थकलेला नाही, तरीही चार किलोंची पेढी अडीच किलोंवर येते.

भाव वाढला म्हणजे सराफाला नफा झालाच असेल, हा समज या प्रकरणात सर्वाधिक अनर्थ करतो. धातू कर्ज ग्रॅममध्ये घेतलेले असते. दागिना विकला की त्याच दिवसाच्या भावाने तेवढ्याच सोन्याची किंमत बँकेला द्यावी लागते, म्हणून त्या तीन किलोंवर भाववाढीचा छदामही त्याच्या हाती लागत नाही, त्याला मिळते ती घडणावळ. स्वतःच्या किलोवर जो ६५ लाखांचा लाभ वहीत दिसतो तोही, माल विकून तितकेच सोने पुन्हा भरताना, नव्या भावातच संपून जातो. आयकर मात्र त्या वहीतील नफ्यावर रोखीनेच भरावा लागतो. भावाच्या चढउताराचा जुगार टाळून ज्याने सचोटीने धातू कर्जाचा मार्ग पत्करला, तोच आज सर्वांत अधिक कोंडीत सापडला आहे, ही गोष्ट आम्हाला संतापजनक वाटते.

बँका सांगतात की मर्यादा वाढवण्यासाठी वार्षिक नूतनीकरणाची वाट पाहा. तेथे छोट्या उद्योगांसाठी नायक समितीचा दंडक लावला जातो : अपेक्षित उलाढालीच्या वीस टक्के. अपेक्षित म्हटले तरी अधिकाऱ्याची नजर मागील वर्षाच्या ताळेबंदावर असते. परंतु भाव दुप्पट झाला की गिऱ्हाईक दोन तोळ्यांऐवजी एक तोळा घेते; रुपयांतील उलाढाल जागची जागी राहते, काउंटरवर मांडावयाचे नमुने मात्र तितकेच लागतात, आणि माल फिरण्यास अधिक दिवस लागतात. उलाढालीवरून मोजलेली गरज म्हणूनच येथे हमखास कमी भरते.

भाव कोसळला तर तारणाचे काय, ही बँकांची शंका आम्ही ऐकली आहे. रोख कर्जाच्या बाबतीत ती रास्त आहे. धातू कर्जात मात्र सोने उतरले की देणेही त्याच प्रमाणात उतरते. बुडव्या हिरे व्यापाऱ्याने बँकांना लावलेला, २०१८ साली उघडकीस आलेला चटका गावच्या सराफाच्या कपाळी मारणे हा न्याय नव्हे.

बँकेने हात आखडला की हा सराफ खाजगी सावकाराचे मासिक व्याज पत्करतो, कारागिराची मजुरी लांबवतो, किंवा गिऱ्हाइकांच्या मासिक भिशीतील पैसा मालात गुंतवतो. आणि पेढी बसली तर बुडते ती लेकीच्या लग्नासाठी दरमहा हजार रुपये भरणाऱ्या घराची ठेव. बँकांच्या सावधगिरीचा भार अखेरीस कोणावर पडतो, याचा विचार रिझर्व्ह बँकेने करावयास हवा.

धातू कर्जाची मर्यादा ग्रॅममध्ये मंजूर करावी. दुराव्याचा हिशेब रुपयांत दर तिमाहीस व्हावा. आणि मासिक साठापत्रक चोख असलेल्या पेढीस वार्षिक नूतनीकरणापर्यंत तिष्ठत ठेवू नये.  परतफेडीच्या मुदतीबरोबरच या तीन तरतुदीही रिझर्व्ह बँकेने नियमांत घालाव्यात.