हप्ता नको, मुदत कमी करा

शुक्रवारी, 5 डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने रेपो दर 5.50 टक्क्यांवरून 5.25 टक्क्यांवर आणला. शनिवारच्या पेपरात मथळा ठरलेलाच होता: ‘गृहकर्जाचा हप्ता कमी होणार’. असल्या मथळ्यांवर मी पूर्वीही चिडलो आहे. या वेळी चिडायला आमच्या मोशीतलंच एक उदाहरण समोर होतं.

आधी रेपो म्हणजे काय ते सांगतो. बँकांना एखाद्या रात्रीपुरते पैसे कमी पडले की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उधार घेतात. त्या उधारीचं व्याज म्हणजे रेपो दर. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या दराचं नवं गृहकर्ज अशा बाहेरच्या दराला बांधावं लागतं. बहुतेकींनी रेपोच निवडला. रेपो अधिक बँकेचा ठरलेला वाढावा, हा तुमचा व्याजदर. तो तीन महिन्यांत एकदा तरी नव्याने लावायचाच, म्हणून घटीचा फायदा कुणाला लगेच मिळतो, कुणाला मार्चमध्ये.

आमच्या मजल्यावरचा एक तरुण चाकणला कंपनीत आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याने 30 लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं. तेव्हा रेपो 4 टक्के, वाढावा अडीच, म्हणजे व्याज साडेसहा टक्के आणि हप्ता 22,367 रुपये. पुढच्या बारा महिन्यांत रेपो साडेसहावर गेला आणि त्याचं व्याज नऊ टक्क्यांवर. शिल्लक होती 29 लाख 40 हजारांच्या आसपास. त्यावर नऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच 22,050 रुपये होतं, म्हणजे जुन्या हप्त्यातून मुद्दलात जेमतेम तीनशे रुपये जाणार. त्या गतीने कर्ज फिटायला सत्तेचाळीस वर्षं लागली असती.

बँकेने मुदत तीस वर्षांवर नेली आणि हप्ता 23,656 केला. त्याला विचारलं नाही, एक मेसेज आला. अशी मुदतवाढ परस्पर होते हे रिझर्व्ह बँकेच्याही लक्षात आलं होतं. ऑगस्ट 2023च्या परिपत्रकाने दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला देणं बंधनकारक केलं. शिवाय तिमाही विवरणात उरलेले हप्ते, व्याजदर, आतापर्यंत भरलेलं मुद्दल आणि व्याज दाखवायला सांगितलं. याचं तोवर सगळं होऊन गेलं होतं.

परवा शिफ्टवरून आल्यावर तो पेपर घेऊन आला. “काका, आता हप्ता कमी करून घेऊ का?” आम्ही दोघांनी विवरण काढलं. चार वर्षं होत आली. भरले जवळपास पावणेअकरा लाख, मुद्दल कमी झालं सव्वा-दीड लाखाच्या मधे कुठेतरी. शिल्लक 28 लाख 65 हजारांच्या जवळ, उरलेले हप्ते 326, म्हणजे सत्तावीस वर्षं.

नवा दर 7.75 टक्के. उरलेली मुदत तशीच ठेवली तर हप्ता 21,100 च्या आसपास येतो. महिन्याला अडीच हजार वाचतात. ओव्हरटाइम बंद असेल तेव्हा ही रक्कम लहान नसते, हे मी त्याला सांगितलं. पण हप्ता 23,656 वरच ठेवला तर कर्ज सुमारे 237 हप्त्यांत संपतं. सात वर्षांहून अधिक कमी. दर असाच राहिला तर एकूण भरण्यात फरक साडेबारा लाखांच्या वर. ज्या मथळ्याने आनंद दिला, त्याचं ऐकणं त्याला या भावात पडलं असतं.

आणखी एक गोष्ट या पट्ट्यात विसरता येत नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराला बँक सहज उभं करत नाही, म्हणून तो गृहवित्त कंपनीकडे जातो. त्या कंपन्यांना रेपोशी दर जोडण्याची सक्ती नाही. त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात आणि तो कधी, किती उतरवायचा हे स्वतः ठरवतात. शेजारच्याच फ्लॅटमधल्या कर्जदाराला या बातमीतलं काहीच मिळत नसेल, तर त्याने मंजुरीपत्रात आपला दर कशाशी जोडला आहे ते पाहावं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे कर्ज बँकेत हलवण्याचा मार्ग खुला असतो. प्रक्रिया शुल्क आणि गहाणखताचा खर्च मात्र आधी मोजावा.

माझी पेपरवाल्यांकडे मागणी एवढीच आहे की रेपो घटल्याच्या बातमीत हप्त्याच्या आकड्याशेजारी मुदतीचा आकडाही छापावा. आणि तुम्ही विवरणात व्याजदराच्या आधी उरलेल्या हप्त्यांची संख्या वाचा. ती मूळ करारापेक्षा वाढलेली असेल आणि आजचा हप्ता झेपत असेल, तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असा अर्ज बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या.