हिशेब चार ओळींचा

समजा, पुण्यातल्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी दहा हजारांची उचल घेऊन दोन रात्रींसाठी नागपूरला गेला. रेल्वे ३,६००, हॉटेल ५,६००, रिक्षा ९०० आणि जेवण १,५०० असे एकूण ११,६०० रुपये खर्च झाले. नियमावलीत मात्र मुक्कामाची मर्यादा रात्रीला २,५०० आहे. म्हणून तो विवरणात हॉटेलचा पूर्ण खर्च दाखवतो, शेजारी नियमाचे कलम लिहितो आणि ५,००० रुपयेच मागतो. मान्य खर्च ११,००० होतो. उचल वजा जाता १,००० रुपये येणे. प्रत्येक ओळीत तारीख, कामाचे कारण आणि बिलाचा क्रमांक असल्याने लेखा विभागाला शोधाशोध करावी लागत नाही. दावे अडतात ते बहुधा हॉटेलच्या बिलावर. ते प्रवाशाच्या वैयक्तिक नावाने निघाले, तर कंपनीला त्यावरच्या जीएसटीची वजावट घेणे अवघड जाते. म्हणून कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक खोली घेतानाच द्यावा. जेवणाच्या पावत्या अनेकदा थर्मल कागदावर असतात आणि उष्णतेने त्यांची अक्षरे पुसट होतात. त्यांचा फोटो त्याच रात्री काढून ठेवावा. रिक्षाची पावती मिळत नाही, तिथे कुठून कुठे गेलो ते आणि भाडे लिहून स्वाक्षरी करावी. असा स्वघोषित खर्च किती चालतो, हेही नियमावलीतच पाहावे.