आधी पासपोर्ट, मग परीक्षा, मग अर्ज

परदेशी प्रवेशाच्या हंगामात आपल्याकडे येणाऱ्या फायलींपैकी कमी गुणांची फाइल त्या मानाने सोपी असते. तिथे काय शक्य आणि काय नाही, हे पहिल्या भेटीतच सांगता येते. खरी दमवते ती नावाची फाइल. गुण उत्तम, पैसे तयार, विद्यापीठाचे पत्र हातात आणि पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरे, पदवीवर तिसरे. पालक म्हणतात, ‘एक अ‍ॅफिडेव्हिट करून टाकू.’ आपल्यातलेही बरेच जण तेच सुचवतात. या अंकात सांगायचे आहे ते हे की, अ‍ॅफिडेव्हिट हा शेवटचा उपाय आहे, आणि तो कुठे चालतो व कुठे चालत नाही हे ठरवल्याशिवाय स्टॅम्पपेपर घेऊ नये.

बेंगळुरूच्या जे. पी. नगरसारख्या वस्तीतल्या मराठी घरात ही अडचण अधिक दिसते, त्याला कारण आहे. महाराष्ट्राच्या बोर्डाचे दहावीचे प्रमाणपत्र आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव अशा क्रमाने छापते आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत देते. कर्नाटकात आद्याक्षरांची रीत आहे. वडिलांचे, कधी गावाचेही आद्याक्षर नावाला जोडले की झाले. आडनाव हवेच असे नाही. पासपोर्टला दोन रकाने लागतात, आडनाव आणि दिलेले नाव. पॅनच्या अर्जात तीन रकाने आहेत आणि त्यात आद्याक्षरे चालत नाहीत. आधारवर मात्र सगळे नाव एका ओळीत. म्हणजे बहुतेक वेळा कोणाचीही चूक नसते. एकच नाव प्रत्येक कार्यालयाने आपल्या रकान्यांत बसवून घेतलेले असते.

म्हणून फाइल उघडल्यावर तफावत कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखावे. पहिली जात मांडणीची: क्रम बदललेला, आद्याक्षर उलगडलेले किंवा न उलगडलेले, पण अक्षरे तीच. दुसरी जात स्पेलिंगची: एका कागदावर एक अक्षर कमी, दुसऱ्यावर जास्त. तिसरी जात खऱ्या बदलाची: लग्नानंतरचे नाव, आडनाव बदललेले, दत्तकविधान. पहिलीला स्पष्टीकरण पुरते, दुसरीला जिथे चूक झाली तिथेच दुरुस्ती लागते आणि तिसरीला बदलाचा सरकारी पुरावा लागतो, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी. दुसऱ्या-तिसऱ्या जातीवर पहिलीचा उपाय केला की फाइल अडकते.

एक नमुना घेऊ. समजा मुलीचे नाव सई, वडील विनायक, आडनाव कुलकर्णी. दहावी पुण्यात झाली, त्यामुळे प्रमाणपत्रावर KULKARNI SAEE VINAYAK. मग कुटुंब जे. पी. नगरला आले. पीयूसी आणि अभियांत्रिकी इथेच झाली. पदवीवर SAEE V KULKARNI. बँकेत खाते उघडताना फॉर्म भरणाऱ्याने कानावर पडले तसे लिहिले: SAI VINAYAK KULKARNI. पासपोर्टचा अर्ज वडिलांनी दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून भरला. त्यांनी पूर्ण नाव ‘दिलेले नाव’ या रकान्यात उतरवले आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडला.

या चार कागदांत पदवीची तफावत पहिल्या जातीची आहे आणि बँकेची दुसऱ्या. सगळ्यात साधी वाटणारी पासपोर्टची चूकच सगळ्यात महाग पडते, कारण अक्षरे बरोबर असूनही यंत्र ती वेगळी वाचते. फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात, त्यातली प्रत्येक 44 अक्षरांची. पहिल्या ओळीत आधी आडनाव येते, मग दोन कोनी चिन्हे, मग दिलेले नाव. सईचा पासपोर्ट नीट भरला असता तर ती ओळ अशी दिसली असती:

```
P<INDKULKARNI<<SAEE<VINAYAK<<<<<<<<<<<<<<<<<
```

आडनाव रिकामे असेल तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सगळे नाव एकसंध धरले जाते आणि मधली दुहेरी खूण नाहीशी होते:

```
P<INDKULKARNI<SAEE<VINAYAK<<<<<<<<<<<<<<<<<<
```

आता आडनाव कुठे संपले आणि नाव कुठे सुरू झाले हे यंत्राला कळण्याचा मार्ग उरला नाही. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी FNU येते. विद्यापीठाच्या अर्जात सईने मात्र सवयीने आडनाव कुलकर्णी, नाव सई असे भरलेले असते. प्रवेशपत्र एका नावाचे, व्हिसा दुसऱ्या नावाचा. तिथे गेल्यावर बँक खाते, वाहन परवाना, नोकरीची कागदपत्रे, सगळीकडे तेच नाव तिच्या मागे लागते. तेव्हा विद्यार्थ्याचा पासपोर्ट हातात घेतला की नाव वाचण्याआधी तळाची ओळ वाचावी. दुहेरी खूण दिसत नसेल तर बाकीची फाइल बाजूला ठेवावी.

दुरुस्तीचा मार्ग पासपोर्टच्या पुनर्वितरणाचा आहे. पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर ‘Re-issue of Passport’ निवडून, कारण म्हणून सध्याच्या वैयक्तिक तपशिलातला बदल द्यायचा. कोणते पुरावे लागतील ते तिथल्याच ‘Document Advisor’मध्ये प्रकरणानुसार पाहावे, शेजाऱ्याच्या मुलाला काय लागले त्यावर विसंबू नये. इथे वेळेपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. पुनर्वितरणानंतर पासपोर्टचा क्रमांक बदलतो. आयईएलटीएससारख्या परीक्षेची नोंदणी ज्या पासपोर्टवर केली, तोच परीक्षेच्या दिवशी दाखवावा लागतो आणि गुणपत्रकावर नाव त्यावरूनच येते. म्हणून आधी पासपोर्ट, मग परीक्षा, मग विद्यापीठाचा अर्ज. परीक्षा देऊन झाल्यावर पासपोर्ट दुरुस्त करणारा विद्यार्थी एक तफावत मिटवतो आणि दुसरी तयार करतो. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक छापलेला असतो. तेवढा दुवा पुढे उपयोगी पडतो, म्हणून जुनी पुस्तिका फेकू देऊ नये.

पदवी आणि दहावीच्या प्रमाणपत्रांना सईच्या बाबतीत हात लावण्याची गरज नाही. आडनाव पुढे की मागे आणि मधले नाव पूर्ण की V, एवढ्यासाठी बोर्ड किंवा विद्यापीठाकडे अर्ज करणे म्हणजे महिने घालवणे. तिथे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे किंवा महाविद्यालयाचे पत्र घ्यावे: अमुक नोंदणी क्रमांकाची SAEE V KULKARNI आणि अमुक पासपोर्टधारक SAEE VINAYAK KULKARNI ही एकच विद्यार्थिनी. पदवी देणाऱ्या संस्थेचे पत्र विद्यार्थ्याने स्वतःबद्दल केलेल्या प्रतिज्ञेपेक्षा वजनदार ठरते, कारण तिची नोंद संस्थेच्या दप्तरात आहे. स्पेलिंगच चुकले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शाळेमार्फतच बोर्डाकडे जावे लागते आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मूळ नोंद काय आहे यावर सगळे ठरते. रजिस्टरमध्ये बरोबर आणि प्रमाणपत्रावर चूक असेल तर ती लेखनिकाची चूक म्हणून मांडता येते. रजिस्टरमध्येच तसे असेल तर काम बरेच अवघड होते. म्हणून शहर सोडलेल्या कुटुंबाला आधी जुन्या शाळेतून त्या नोंदीचा उतारा मागवायला सांगावे.

बँकेतले SAI मात्र सोडून चालणार नाही. नवा पासपोर्ट दाखवून केवायसीतच नाव सुधारून घ्यावे आणि त्यानंतर काढलेलेच विवरणपत्र अर्जाला जोडावे. आधारवरही तीच चूक असेल तर तीही दुरुस्त करावी, पण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते हे ध्यानात ठेवून. केवळ क्रमासाठी त्यातली एक संधी खर्चू नये.

पैशाच्या कागदांत खरी गुंतागुंत विद्यार्थ्याच्या नावाची नसते, आईच्या नावाची असते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पालकांच्या खात्यातली रक्कम दाखवता येते. ती सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आतला असावा लागतो आणि सोबत पालकांचे संमतिपत्र व नात्याचा पुरावा लागतो. नात्याचा पुरावा म्हणजे बहुधा जन्मदाखला. आता आईची मुदत ठेव लग्नाआधीच्या नावावर, जन्मदाखल्यावर लग्नानंतरचे नाव, असे असेल तर रक्कम, मुदत, संमती सगळे चोख असूनही ते पैसे ‘पालकाचे’ आहेत हे कागदावर सिद्ध होत नाही. इथे विवाह नोंदणीचा दाखला हाच पूल. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतही राज्य सरकारचा विवाह दाखला किंवा राजपत्रातली सूचना जोडली तर जुन्या नावाचे ओळखपत्र ग्राह्य धरले जाते. तेव्हा आईचे खाते 28 दिवसांची मुदत सुरू होण्याआधीच एका नावावर आणावे. बऱ्याच जोडप्यांनी लग्नाची नोंदणीच केलेली नसते. ती उशिरा करता येते, पण व्हिसाच्या आठवड्यात नव्हे.

उरली पहिल्या जातीची तफावत. अ‍ॅफिडेव्हिट तिथे शोभते. त्यात एकच व्यक्ती असल्याचे सांगताना प्रत्येक कागदाचे नाव, क्रमांक आणि त्यावर छापलेले नाव अक्षरशः उतरवावे आणि यापुढे कोणते नाव वापरणार ते शेवटी लिहावे. चार रूपे असताना दोनच लिहिलेली किंवा टंकलेखकाने पाचवे रूप घडवलेली अ‍ॅफिडेव्हिटे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. नोटरीपुढे जाण्याआधी मसुदा पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवणे हे पक्षकारावर सोडू नये. आणि पालकांना हेही स्पष्ट सांगावे की या कागदाने नाव बदलत नाही, फक्त तफावतीचा खुलासा होतो.

यातले बरेचसे काम दहावीच्या परीक्षेची यादी शाळेतून बोर्डाकडे जाण्यापूर्वी पाच मिनिटांत होऊ शकते, कारण पुढची बहुतेक कागदपत्रे त्या यादीतल्या नावावरून निघतात. जे. पी. नगर परिसरातल्या शाळांशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी नववीच्या पालकसभेत एवढेच सांगावे: आद्याक्षरे उलगडा, आडनाव ठरवा, जन्मदाखला समोर ठेवून स्पेलिंग पाहा. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदांवर मूल, आई, वडील, आडनाव अशा चार भागांत लिहिले जाते. त्यातली काही मुले उद्या बेंगळुरूच्या शाळांत येतील आणि त्यांचे चार भाग दोन रकान्यांत कसे बसवायचे हा प्रश्न आपल्याच टेबलावर येईल. त्याचे उत्तर एकच आहे: शेवटचा भाग आडनावाच्या रकान्यात, आधीचे तिन्ही दिलेल्या नावात, आणि हीच विभागणी पहिल्या पासपोर्टपासून पुढच्या प्रत्येक अर्जात.