रिकाम्या रकान्याचे म्हणणे

(एस. वाय. बी. ए.)

उपस्थितीचा विषय निघाला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, ७५ टक्क्यांची अट जाचक आहे. दुसरा म्हणतो, अट नसती तर वर्गात फक्त बाक उरले असते. हा वाद जुना आहे आणि या लेखात मी त्यात पडणार नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या आधीच्या गोष्टीविषयी. हजेरीपटावर जे लिहिलेले असते ते टक्केवारी काढणारा माणूस नीट वाचतो का? माझे मत असे की पुष्कळदा वाचत नाही. त्याचा भुर्दंड मात्र पडतो तो ज्यांच्या घरी कार्यालयात जाऊन भांडणारे कोणी नाही अशा मुलांना.

हजेरीपट उघडून पाहा. डावीकडे रोल नंबर आणि नाव, वर तारखा, आणि मध्ये शेकडो चौकोन. त्यांत निदान चार प्रकारच्या खुणा सापडतात. बरोबरची खूण म्हणजे हजर. 'अ' किंवा इंग्रजी 'ए' म्हणजे अनुपस्थित. आडवी रेघ म्हणजे बहुधा त्या दिवशी तास झालाच नाही. आणि चौथी खूण म्हणजे खूणच नसणे, रिकामा चौकोन. काही प्राध्यापक नाव पुकारताना गैरहजराच्या घरात आधी एक ठिपका देतात. मुलगा धापा टाकीत दारात आला तर त्या ठिपक्याची बरोबरची खूण होते, नाही आला तर तास संपताना 'अ' होतो. म्हणजे ठिपका ही तात्पुरती नोंद आहे. ती तशीच राहून गेली तर पुढे कोणालाच काही सांगता येत नाही, आणि झेरॉक्स काढली की तो ठिपका नाहीसाही होतो.

हे सगळे वाचायची एक रीत आहे, आणि ती जुन्या प्राध्यापकांना न शिकवता येते. पान आडवे वाचायचे तसे उभेही वाचायचे. एका तारखेखाली वरपासून खालपर्यंत सर्वांना रेघ असेल तर तास झाला नाही हे स्पष्ट. रेघ एकट्या मुलाच्या घरात असेल तर तिचा अर्थ वेगळा, आणि तो विचारून घ्यायला हवा. आख्खा उभा रकानाच कोरा असेल तर तास झाला असेल, पण त्या दिवशी हजेरी घ्यायची राहिली असेल. अशा वेळी रकान्याच्या तळाशी प्राध्यापकांची सही आहे का ते पाहायचे. एका मुलाच्या ओळीत सुरुवातीचेच चौकोन रिकामे असतील तर त्याचा प्रवेश उशिरा झाला आहे. ओळीच्या शेवटचे रिकामे असतील तर त्याने विषय बदलला असेल किंवा महाविद्यालय सोडले असेल. आणि मधलाच एखादा चौकोन रिकामा असेल तर बहुधा लिहिणाऱ्याचा हात चुकला. रिकामा चौकोन एकच, पण तो कोठे आहे यावरून त्याचे म्हणणे बदलते.

आता सत्राच्या शेवटी हा हजेरीपट कार्यालयातल्या संगणकाच्या तक्त्यात उतरवला जातो. तेथे हजर म्हणजे 'पी', आणि टक्केवारी अशी काढतात :

```
=COUNTIF(D7:AY7,"P")/48
```

म्हणजे सातव्या ओळीत 'पी' किती आहेत ते मोजा आणि ४८ ने भागा, कारण तारखांचे रकाने ४८ आहेत. सूत्रात गणिताची चूक काही नाही. पण या सूत्राला जग दोनच प्रकारचे दिसते : 'पी' आणि 'पी नसलेले'. रेघ, रिकामे घर आणि 'अ' यांची एकाच पंक्तीत पाने वाढली जातात.

याने काय होते ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका मुलाचे नाव तिसऱ्या यादीत लागले आणि उत्पन्नाचा दाखला मिळेपर्यंत आणखी काही दिवस गेले. त्याच्या ओळीतील पहिले ९ चौकोन रिकामे आहेत. पुढे ४ दिवस प्राध्यापक परीक्षेच्या कामावर होते, म्हणून वर्गभर ४ रेघा. ३ दिवस तो महाविद्यालयातर्फे युवक महोत्सवात होता, तेथे प्राध्यापकांनी 'का', म्हणजे कार्यानिमित्त, असे लिहिले. बरोबरच्या खुणा २७ आणि 'अ' ५. सगळे मिळून बरोबर ४८.

वरच्या सूत्राने उत्तर येते २७ भागिले ४८, म्हणजे ५६.२५ टक्के. मुलाचे नाव फलकावर लागते. न झालेले ४ तास वगळले तर २७ भागिले ४४, म्हणजे ६१.३६. नाव पटावर यायच्या आधीचे ९ तासही वगळले तर २७ भागिले ३५, म्हणजे ७७.१४. आणि युवक महोत्सवाचे ३ दिवस हजेरीत धरले तर ३० भागिले ३५, म्हणजे ८५.७१. मुलगा एकच, पान एकच आणि टक्केवाऱ्या चार. उशिरा प्रवेश घेतलेल्याचे आधीचे तास धरावेत की नाही, महोत्सवाचे दिवस हजेरीत घ्यावेत की नाही, हे प्रश्न नियमांचे आहेत. त्यांवर प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी विचार करून निर्णय द्यावा, तो आम्ही मानू. पण येथे निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. तो सूत्राने परस्पर घेतलेला असतो, आणि घेतला गेला हे कोणाला कळतही नाही.

कोणी म्हणेल, मग रिकामी घरे मोजूच नयेत, झाले. पण हा उपायही फसवा आहे. काही प्राध्यापक फक्त हजर असलेल्यांनाच खूण करतात आणि गैरहजरांचे घर मोकळे सोडतात. त्यांच्या हजेरीपटात रिकामे म्हणजे सरळ गैरहजर. तेथे रिकामी घरे वगळली तर वर्षभरात चारदा तोंड दाखवणाऱ्यालाही शंभर टक्के मिळतील. संगणकाच्या तक्त्यात सरासरीचे `AVERAGE` हे सूत्र नेमके असेच वागते. ते रिकामे घर सोडून देते, पण त्याच घरात शून्य लिहिले तर ते हिशेबात धरते. भरीला भर म्हणजे हिशेबाच्या एका नमुन्यात हा तक्ता शून्यच आडव्या रेघेसारखे दाखवतो. मग पडद्यावर दिसणारी रेघ प्राध्यापकांनी मारलेली आहे की आतले शून्य आहे, हे त्या घरावर जाऊन पाहिल्याशिवाय समजत नाही.

हा फरक फार सूक्ष्म आहे, शिकल्यासवरल्यांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या घरी मी महाविद्यालयात आलेला पहिला. आईला अक्षरओळख नाही. पण दूध संस्थेची पुस्तिका ती माझ्याहून चांगली वाचते. सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने, त्यांत लिटर आणि फॅट. ज्या वेळी दूध घातले नाही तेथे रेघ. त्या रेघेबद्दल तिची काही तक्रार नसते. पण एखादे घर कोरे दिसले की ती पुस्तिका माझ्यापुढे धरते आणि म्हणते, "हे लिहायचं राहिलंय. दूध घातलंय मी. जा, विचारून ये." रेघ म्हणजे 'नव्हते', आणि कोरे म्हणजे 'लिहिले नाही'. हप्त्याचे पैसे या फरकावर ठरतात, म्हणून तिला तो कळतो. आमच्या शिष्यवृत्तीच्या कागदांवरही उपस्थितीचा आकडा लागतो. तेव्हा आमच्याही घरी पैसेच अडतात.

कार्यालयाची बाजूही सांगितली पाहिजे. एका क्लार्कपुढे सगळ्या वर्गांचे हजेरीपट येऊन पडतात आणि मुदत चार दिवसांची असते. प्रत्येक प्राध्यापकांची खुणांची पद्धत निराळी. कोणाची रेघ म्हणजे सुटी, कोणाची रेघ म्हणजे गैरहजर. पानावर कोठेही खुलासा नाही. अशा वेळी त्याने जे 'पी' नाही ते सगळे 'ए' करून टाकले तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. आणि कोऱ्या घराची आणखी एक भानगड आहे. तेथे मागाहून कोणीही काहीही भरू शकतो. म्हणूनच शहाणे लोक हिशेबाच्या वहीत मोकळी जागा रेघ मारून बंद करतात.

म्हणून माझ्या सूचना तीनच आहेत, आणि त्यांना खर्च काही नाही. पहिली, हजेरीपटाच्या पहिल्या पानावर खुणांचा अर्थ लिहावा आणि तो सर्व विषयांना एकच असावा. दुसरी, कोणतेही घर कोरे ठेवू नये. तास झाला नाही तर रेघ, नाव पटावर नसेल तर 'ना', कार्यानिमित्त बाहेर असेल तर 'का', आणि गैरहजर असेल तर 'अ'. संगणकावर उतरवतानाही हीच अक्षरे तशीच उतरवावीत, त्यांचे भाषांतर करू नये. तिसरी सूचना पडताळ्याची. उतरवण्यापूर्वी प्रत्येक ओळीतील प्रत्येक खूण वेगळी मोजावी आणि उतरवल्यावर पुन्हा मोजावी. नुसती बेरीज जुळवून भागत नाही. वरच्या मुलाचे २७ 'पी' आणि २१ 'ए' केले तरी बेरीज ४८ च येते आणि सारे आलबेल दिसते. २७, ५, ४, ३ आणि ९ हे पाचही आकडे दोन्हीकडे जुळले तरच नक्कल खरी.

टक्केवारी त्यानंतर काढावी, आणि फलकावर नुसता टक्का न लावता हे पाच आकडेही लावावेत. ज्याचे 'अ' खरोखरच जास्त आहेत त्याला मग बोलायला तोंड राहणार नाही. आणि ज्याचा प्रवेश एका दाखल्यासाठी अडला होता, त्याला आपली बाजू मांडायला कार्यालयाच्या खिडकीशी कोणा वजनदार माणसाला घेऊन जावे लागणार नाही. त्याने त्या पाच आकड्यांवर बोट ठेवले की पुरे.